सहा रुपयांची वडी आणि एका पानाचं पत्र

मुलींच्या वसतिगृहाला चिक्की पुरवायची इच्छा असलेल्या शेतकरी घरातल्या बाईचं पत्र बहुतेक वेळा चार ओळींत संपतं. ‘आमच्याकडे घरगुती, शुद्ध आणि चविष्ट गूळ-शेंगदाणा चिक्की मिळेल. भाव वाजवी राहील. एकदा सेवेची संधी द्यावी.’ यातला शब्द न् शब्द खरा असतो. तरीही ते पत्र रेक्टरबाईंच्या टेबलावर पडून राहतं, कारण त्यावर निर्णय घेण्याजोगं त्यात काही नसतं. शंभर-सव्वाशे मुलींच्या खाण्याची जबाबदारी ज्या बाईवर आहे, तिला चवीच्या आधी दुसऱ्याच गोष्टी कळायला हव्या असतात. एका मुलीमागे खर्च किती? दर आठवड्याला नक्की येणार का? पावसात मऊ पडली तर? एखादीला खाऊन त्रास झाला तर कुणाला विचारायचं? आणि हिशेबाच्या फायलीला लावायला बिल मिळेल का?

या प्रश्नांची उत्तरं एका पानात बसतात. पण ती लिहिण्याआधी घरी बरंच काम करावं लागतं, आणि पत्राचं वजन त्या कामातून येतं. कराड तालुक्यातलं एक घर डोळ्यांपुढे धरू. नदीकाठची थोडी बागायत, त्यात ऊस, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला उन्हाळी भुईमूग. घरातली बाई चिक्की चांगली करते, आल्या-गेल्याला बांधून देते. तासाभराच्या अंतरावर एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथे १२० मुली राहतात. ही बाई त्या वसतिगृहाला पत्र लिहिणार आहे.

पहिली गोष्ट, पत्र कुणाला लिहायचं. शासकीय वसतिगृहात गृहपाल असतात. तिथलं जेवण-नाश्त्याचं काम सहसा ठेक्यानं दिलेलं असतं, त्यामुळे गृहपालांना चिक्की आवडली तरी परस्पर खरेदी करण्याचा अधिकार त्यांना नसतो. तिथे ठेकेदाराशी बोलावं लागतं. संस्थेच्या किंवा खाजगी वसतिगृहात मात्र रेक्टर किंवा वॉर्डन आणि मुलींची मेस कमिटी मिळून नाश्त्याचं ठरवू शकतात. आपल्या पत्राला जागा आहे ती इथे.

सातारा जिल्ह्यात शेतकऱ्याचं घर आणि वसतिगृहाचं स्वयंपाकघर यांचं नातं जुनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि घराघरांतून मूठ-मूठ धान्य आलं. ते देणं होतं. आज आपली बाई विकायला निघाली आहे, आणि विकण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. फक्त विकणाऱ्याला हिशेब चोख द्यावा लागतो.

म्हणून आधी हिशेब. १२० मुलींना आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २५ ग्रॅमची एक वडी द्यायची असं धरलं, तर एका वेळेला तीन किलो आणि आठवड्याला सहा किलो चिक्की लागते. सहा किलो तयार चिक्कीसाठी किती माल घ्यायचा, इथे पहिल्यांदा गफलत होते. तीन किलो दाणे आणि तीन किलो गूळ घेतला की सहा किलो होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. निवडताना खराब दाणे बाजूला जातात, भाजताना पाणी उडतं, पाखडताना साल जातं. पाक आटतो तेव्हा गुळातलंही पाणी जातं. शेवटी वड्या पाडताना कडा निघतात आणि त्या घरातली पोरं खातात. हे सगळं धरून पावणेचार किलो दाणे आणि सव्वातीन किलो गूळ घ्यावा, तेव्हा सहा किलो सरळ, मोजलेल्या वड्या हाती येतात. शेंगांतून साधारण ७० टक्के दाणा निघतो, म्हणजे पावणेचार किलो दाण्यांसाठी साडेपाच किलोच्या आतबाहेर शेंगा फोडाव्या लागतात.

आता पैसे. स्वतःच्या शेतातल्या शेंगा फुकट धरायच्या नाहीत. त्या बाजारात विकल्या असत्या तर जे आले असते, तो त्यांचा भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी भुईमुगाच्या शेंगांचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये आहे, त्या भावानं आठवड्याच्या शेंगा ३९० रुपयांच्या होतात. गूळ किलोला ५० रुपये धरला तर सुमारे १६५ रुपये. ताटाला आणि लाटण्याला लावायचं तूप ३५ रुपये, गॅस ६०, बटरपेपर-पिशवी-लेबल ६०, आणि एसटीनं जाऊन पोचवायचे १००. बेरीज ८१० रुपये. सहा किलोंनी भागलं की किलोला १३५ रुपये.

बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो. ‘दीडशेनं दिली तरी पंधरा रुपये सुटतात’ असं म्हणून भाव सांगितला जातो, आणि दोन-तीन महिन्यांत काम नकोसं होतं. कारण या १३५ रुपयांत बाईची मजुरी कुठेच नाही. शेंगा फोडणं, दाणे निवडणं, भाजणं, पाखडणं, पाक करणं, लाटणं, कापणं, मोजणं, बांधणं आणि भांडी घासणं यांना मिळून आठ तास सहज जातात. ताशी ५० रुपये लावले तरी ४०० रुपये होतात. मग एकूण १,२१० रुपये, म्हणजे किलोला २०० च्या वर. एखादा घाणा बिघडतो, काही वड्या मोडतात, कधी नमुना द्यावा लागतो, त्यासाठी दहा टक्के वाढवले की २२०. त्यावर थोडं सुटायला हवं. म्हणून भाव २४० रुपये किलो.

माझं म्हणणं आहे की यातला मजुरीचा आकडा शेवटपर्यंत सोडू नये. दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलं तरी दिवसाची मजुरी मिळते. स्वतःच्या चुलीपुढे केलेलं काम त्याहून स्वस्त धरलं, तर त्या कामाला धंदा म्हणता येणार नाही.

रेक्टरबाईंना मात्र ‘२४० रुपये किलो’ हा आकडा सांगून उपयोग नाही. त्यांचं खर्चाचं गणित डोईमागे चालतं. किलोत २५ ग्रॅमच्या ४० वड्या बसतात, म्हणजे एक वडी सहा रुपयांना. १२० मुलींना एका वेळेचे ७२० रुपये. हा आकडा त्यांना लगेच समजतो, कारण बिस्किटाच्या पुड्याशी आणि सामोशाशी त्या त्याची तुलना करू शकतात.

पैशांचं झालं. आता वसतिगृहाला खरी भीती कशाची असते ते पाहू, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिथून येतं. चिक्कीत पाणी जवळपास नसतं, गूळ भरपूर असतो, त्यामुळे ती दुधा-पनीरसारखी आंबत किंवा नासत नाही. धोका असतो दाण्यात. शेंगा ओल्या राहिल्या की दाण्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताला घातक आहे. वाईट असं की दाणे खरपूस भाजले तरी ते पूर्ण जात नाही. भाजताना काही भाग कमी होतो, उरलेला तसाच राहतो. त्यामुळे ‘आम्ही चांगले भाजतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

उन्हाळी भुईमूग निघतो मे-जूनमध्ये, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. उपटून वाफ्यात पसरलेल्या वेलांवर पाऊस पडला की शेंगा आतून दमट राहतात. बाहेरून टरफल वाळलेलं दिसतं, म्हणून पोती भरली जातात, आणि पोत्यात बुरशी वाढते. शेंग वाळली की नाही हे ओळखायची खूण शेतकरी घरात सगळ्यांना ठाऊक असते. शेंग कानाशी हलवली तर आत दाणा खुळखुळायला हवा, आणि दाणा बोटांत चोळला की साल सुटायला हवं. चिक्कीसाठीच्या शेंगा पावसात भिजलेल्या ढिगातून घ्यायच्याच नाहीत. त्या वेगळ्या ठेवाव्यात, मग त्यासाठी घरात वाद झाला तरी चालेल. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवायची. फोडल्यावर दाणे एकदा भाजण्याआधी आणि एकदा साल काढल्यावर निवडायचे. सुरकुतलेला, काळपट पडलेला, हिरवट-पिवळी बुरशी असलेला, किडका, कोंब आलेला दाणा बाहेर. साल काढल्यावर पाकळ्यांच्या मधे जो काळा किंवा करडा डाग दिसतो, तो आधी दिसत नाही, म्हणून दुसरी निवड टाळता येत नाही. एखादा कडवट दाणा चावला गेला तर त्या पोत्यातले सगळे दाणे पुन्हा तपासायचे. वर्षाची पहिली खेप द्यायच्या आधी दाण्यांचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतला तर उत्तमच. त्याची पैसे भरल्याची पावती आणि अहवाल पत्राला जोडता येतात.

दुसरी भीती लहान आहे, पण तक्रारी तिच्याच जास्त येतात. चिक्की दाताला चिकटते, किंवा आठवड्यात मऊ पडते. पहिल्याचं कारण पाक कच्चा राहणं, दुसऱ्याचं कारण हवा. गूळ वितळून फेस येतो, मग फेस बसतो आणि बुडबुडे जड, संथ होत जातात. या वेळी वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहायचा. आधी मऊ गोळी होते. ती लाडवाची. मग कडक गोळी होते, तीही अजून चिक्कीची नाही. थेंब पाण्यात पडल्यावर काचेसारखा कडक होऊन बोटांत टक्कन तुटला, दातांत धरल्यावर चिकटला नाही, की पाक झाला. थर्मामीटर असेल तर हे तापमान १४५ ते १५० अंशांच्या मधे येतं. साखरेच्या पाकाचा हा थर्मामीटर काही महाग नसतो, आणि घरच्या चार वड्यांना नसला तरी दर आठवड्याला एकसारखी चिक्की द्यायची तर तो घ्यावाच. कारण १५० च्या पुढे पाच-सात अंश गेले की गूळ करपून कडू लागतो, आणि १३५ वर उतरवला तर वडी वाकते पण तुटत नाही. दाणे पाकात टाकताना कोमट असावेत. गार दाणे टाकले की पाक लगेच आवळतो आणि नीट लाटता येत नाही. शेवटी चिमूटभर खायचा सोडा घातला की गुळातल्या आंबटपणाशी मिळून तो बारीक बुडबुडे करतो आणि चिक्की खुसखुशीत होते. वड्या गरम असतानाच कापायच्या, कारण गार झालेली चिक्की सुरीनं कापली तर फुटते. आणि या वेळी स्वयंपाकघरात लहान मूल नको. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो.

गुळाचंही सांगायला हवं. दुकानात चिक्कीचा गूळ म्हणून जो चिकट, कमी दाणेदार गूळ मिळतो, तो उत्तम. गावच्या गुऱ्हाळावर आपल्या उसाचा गूळ करून घ्यायचा असेल तर गुळव्याला आधीच सांगून ठेवावं, आणि गूळ फिका, पिवळाजर्द दिसावा म्हणून काहिलीत रसायनी पावडर टाकू नये असंही स्पष्ट सांगावं. पाकात चिक्कीचा रंग गडद होणारच असतो, मग फिकट गुळाची गरजच काय? गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात, म्हणजे जूनमध्ये वापरायचा गूळ साठवलेला असणार. पावसाळ्यात साठवलेला गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो. तो पाझरलेला गूळ वापरला तर पाक आटायला वेळ लागतो आणि चिक्की लवकर मऊ पडते. म्हणून दहा किलोचे रवे घ्यायचे, प्रत्येक रवा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवायचा, आणि एका वेळी एकच फोडायचा. सुमारे ३४ आठवड्यांच्या शैक्षणिक वर्षाला असे अकरा रवे पुरतात.

वसतिगृह उघडतं ते जून-जुलैत, ऐन पावसात. चिक्कीला याहून वाईट महिना नाही. याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला ताजी खेप द्यायची, पंधरा दिवसांची एकदम नाही. आणि चिक्की पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची, कारण कोमट भरली तर आतल्या वाफेनंच ती ओलसर होते. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होते, मग पंधरा दिवसांची खेप चालते. मऊ पडण्याशिवाय आणखी एक बिघाड असतो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते जुनं झालं की खवट वास येतो. कोरड्या हवेत, बंद डब्यात चिक्की महिनाभर चांगली राहते. लेबलवर त्याहून जास्त मुदत लिहू नये.

आता कायद्याचं. घरून विकायचं असलं तरी २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या घरगुती उद्योगाला मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते, आधार कार्ड, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो, आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. मदत लागली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारता येतं. हा क्रमांक बिलावर आणि डब्यावरच्या लेबलवर छापायचा. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हिरवा ठिपका हवा. आणि ठळक अक्षरांत ‘यात शेंगदाणा आहे’. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला एका वडीनंही श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. रेक्टरबाईंनी मुलींना आधी विचारून घ्यावं ही सूचना पत्रातच दिली, तर ती बाई किती जबाबदार आहे हे त्यांना दुसऱ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त कळेल.

एक मोह टाळायला हवा. गूळ-शेंगदाण्यानं रक्त वाढतं, असं आपण सगळेच म्हणतो, आणि मुलींच्या वसतिगृहाला लिहिताना ते लिहावंसं वाटतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे काळजी खरी आहे. पण हिशेब पाहा. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सांगते. २५ ग्रॅमच्या वडीत गूळ आणि दाणे मिळून एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आणि वनस्पतीतलं लोह शरीरात शोषलं जातं थोडंच. म्हणून ‘रक्त वाढतं’ असं लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि अन्नपदार्थानं आजार बरा होतो असा दावा करणं कायद्यालाही चालत नाही. खरं सांगण्यासारखं वेगळं आहे. त्या वडीत सुमारे तीन ग्रॅम प्रथिनं आणि सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, ती भुकेला धरते, आणि संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या मुलीला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरते. एवढं पुष्कळ आहे.

या सगळ्यानंतर पत्र लिहायला बसलं की ते असं होतं:

‘माननीय रेक्टर मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातली शेतकरी कुटुंबातली आहे. आमच्या शेतात उन्हाळी भुईमूग आणि ऊस होतो. घरच्या शेंगा आणि आमच्या उसाचा गावच्या गुऱ्हाळावर केलेला गूळ वापरून मी चिक्की करते. आपल्या वसतिगृहातल्या मुलींच्या संध्याकाळच्या खाण्यासाठी ती देता यावी म्हणून हे पत्र.

एक वडी २५ ग्रॅमची, किंमत सहा रुपये. आपल्याकडच्या १२० मुलींना आठवड्यातून दोन वेळा द्यायची तर दर वेळचे ७२० रुपये होतील. पोचवण्याचा खर्च यातच धरला आहे. माल दर सोमवारी सकाळी दोन स्टीलच्या डब्यांतून येईल. रिकामे डबे पुढच्या सोमवारी परत न्यायची जबाबदारी माझी. पावसाळ्यात दर आठवड्याला ताजी चिक्की देईन, नोव्हेंबरपासून आपल्याला सोयीचं असेल तर पंधरा दिवसांची एकदम देईन.

चिक्कीत शेंगदाणे, गूळ, थोडं तूप आणि चिमूटभर खायचा सोडा एवढंच असतं. साखर, रंग, वास घालत नाही. दाणे दोनदा निवडते. पावसात भिजलेल्या शेंगा वापरत नाही. दाण्यांच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. अन्न नोंदणीचा क्रमांक लेबलवर आणि बिलावर असेल.

एक विनंती आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलगी आपल्याकडे आहे का, हे सुरू करण्याआधी कृपया विचारून घ्यावं. तिला ही चिक्की देऊ नये.

एखाद्या खेपेतली चिक्की मऊ, खवट किंवा करपलेली निघाली तर ती परत घेईन आणि पुढच्या खेपेत तेवढी बिनमोल बदलून देईन. बिल महिन्याच्या शेवटी देईन. पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळाले तर मला पुढचा गूळ घ्यायला सोपं जाईल.

सोबत एक किलो नमुना पाठवते आहे. मुलींना आवडला आणि आपल्याला योग्य वाटलं तर आधी चार आठवडे घेऊन पाहावं. पुढचं त्यानंतर ठरवू.

आपली नम्र,
(नाव, गाव, फोन)’

या पत्रात ‘शुद्ध’ आणि ‘चविष्ट’ हे शब्द आले नाहीत. चव नमुन्यानं कळेल, आणि शुद्धतेचं काम दोनदा निवडलेले दाणे आणि अहवाल करतात. चार आठवड्यांची मुदत मागितली आहे ती दोघींच्या सोयीची. रेक्टरबाईंना वर्षभराचा शब्द द्यावा लागत नाही, आणि बाईला कळतं की आठ तासांचं काम घरचं सगळं सांभाळून खरंच आठ तासांत होतं का. मागच्या तारखेचं बिल अडकणं ही छोट्या पुरवठादाराची सगळ्यात मोठी अडचण असते, म्हणून पैशांची तारीख पत्रातच लिहिली आहे. ती मागताना सूर नम्र आहे, पण तारीख स्पष्ट आहे.

उत्तर बहुधा भावाबद्दल येईल. ‘पाच रुपयांत जमेल का?’ पाच रुपये म्हणजे २०० रुपये किलो, आणि आपण पाहिलं की मजुरी धरून खर्चच तेवढा आहे. अशा वेळी भाव कमी करण्यापेक्षा वडी २० ग्रॅमची करावी. तेव्हा किलोत ५० वड्या होतात आणि पाच रुपयांनी किलोचे २५० सुटतात. मोबदला थोडा वाढतो, आणि मेस कमिटीलाही हवा तो आकडा मिळतो. मात्र वजन कमी केलं हे सांगून करायचं, आणि लेबलवर तेच लिहायचं. दुसरा प्रश्न येऊ शकतो तो साखर किंवा द्रवरूप ग्लुकोज घालून चिक्की चकचकीत करण्याचा. ग्लुकोजनं पाक दाणेदार होत नाही आणि कापायला सोपा जातो, म्हणून कारखान्यांत तो सर्रास वापरतात. आठवड्याला सहा किलोंसाठी त्याची गरज नाही, आणि घटकांच्या यादीत तो लिहावा लागेल.

आणखी एक हिशेब वर्षाच्या शेवटी येतो. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, आणि एप्रिलच्या मध्यापासून मुली परीक्षा देऊन घरी जातात. त्या आठवड्यांत ऑर्डर नसणार, हे आधीच धरायचं. वर्षाला साधारण पावणेदोन-दोन क्विंटल शेंगा लागतात. पाण्याची सोय असलेल्या रानात उन्हाळी भुईमूग एकरी आठ-दहा क्विंटल येतो, म्हणजे या वसतिगृहासाठी दहा गुंठे पुरतात. ते दहा गुंठे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरावे लागतात. म्हणून पुढच्या वर्षी चिक्की हवी का, किती आठवडे आणि किती मुलींसाठी, हे रेक्टरबाईंना डिसेंबरातच विचारून ठेवायचं. नकार आला तर तेवढ्या रानात दुसरं काही घेता येतं, आणि होकार आला तर बियाण्याच्या शेंगा आताच बाजूला काढता येतात.